हत्तीवर राज्य आलंय

चिनू, पाय आत घे, गोधडी नीट घे, आणि आता एकच गोष्ट हं. मघाशी बाबांना पाठवायला आपण तुझ्या खेळण्यांच्या फळीचा फोटो काढला ना, तो बघ मोबाईलवर, थांब मोठा करते... हां, हत्ती दिसला? सगळे आपल्याकडे बघतायत आणि हा एकटाच भिंतीकडे तोंड करून उभा. रुसला नाहीये काही, त्याच्यावर राज्य आलंय! लपाछपी चालू होती आणि नेमका आपण मधेच फोटो काढला.

आता बघ कोण कुठे लपलंय. सावंतवाडीच्या टोपलीत आंबा आहे, काजू आहे, सीताफळ आहे, केळं कुठाय? वर बघ, तुझ्या होडीवर. पावसाळा आला की खाली किनाऱ्यावर होड्या ओढून झापांनी झाकून ठेवतात, तशी तू तुझी होडी रुमालाने झाकलीयस ना, त्या रुमालातून पिवळं टोक बाहेर आलंय, तेच केळं. पांगाऱ्याचं लाकूड, हलकं एकदम, टुणकन उडी मारून वर गेलं असणार.

आणि लाल एसटीच्या मागे? एक पाय दिसतोय, चप्पल नसलेला. बाहुलीच ती, दुसरं कोण! एसटीचं पुढचं चाक तूच काढलंयस, त्यामुळे ती वेंगुर्ल्याच्या स्टँडवर बंद पडल्यासारखी वाकडी उभी आहे, नाहीतर पाय दिसलाच नसता.

तर हत्ती मोजत होता. एक, दोन, तीन... सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस... आणि परत वीस! कारण त्याला पुढचं येतच नाही, तुझ्याकडूनच शिकलाय ना तो. दुपार झाली, चहा झाला, दिवेलागण झाली, याचं आपलं एकोणतीस नि परत वीस. रुमालाखाली केळ्याला उकडायला लागलं, बाहुलीच्या पायाला मुंग्या आल्या, पण बाहेर कोण येणार? आउट झाले तर?

शेवटी भोवऱ्याला राहवेना. जाळी कमरेला गुंडाळली नि हळूच, अगदी हळूच, कोपऱ्यातून निघाला, वाटेत एका गोटीला लागला, गोटी घरंगळली, टक् टक् टक्... सगळे गप्प. भिंतीवरची पालसुद्धा चुकचुकायची थांबली. हत्ती म्हणाला, "कोण आहे रे?" पण वळला नाही हां, मोजून झाल्याशिवाय वळायचं नसतं, गुणी आहे बिचारा.

भोवरा त्याच्या शेपटीपाशी गेला, कानाशी उंच झाला नि हळूच म्हणाला, "अरे, तीस."

"तीस?"

"तीस. आणि... धप्पा!"

झालं! राज्य परत हत्तीवरच. केळं रुमालाखाली एवढं हसलं की होडी हलायला लागली, बघ फोटोत रुमाल जरा तिरका आहे की नाही?

आता परत एकपासून. आपणपण मोजू त्याच्याबरोबर, डोळे मिटून, फसवायचं नाही. एक... दोन... तीन... चार... गाज ऐकू येतेय ना, तिच्याबरोबर, सावकाश... नऊ... दहा... अकरा...

चिनू? ...बारा...