ब्रॉडर इम्पॅक्ट: पेरोव्हस्काइट सोलर सेल दिवस-रात्रीच्या चक्रात कसे खराब होतात

सुरुवातीलाच सांगते, या दोन वर्षांच्या फेलोशिपमधून कुणाचं वीजबिल कमी होणार नाहीये आणि बाजारात नवीन पॅनलही येणार नाहीये. मी काम करणार आहे ते पेरोव्हस्काइट सोलर सेल, म्हणजे पेरोव्हस्काइट या शिसं असलेल्या मटेरियलच्या पातळ फिल्मने वीज बनवणारे सेल, कशामुळे आणि किती वेगाने खराब होतात हे मोजण्याचं. त्याचा उपयोग आहे असं मला मनापासून वाटतं, पण तो कुणाला आणि कधी होईल हे जेवढं खात्रीने सांगता येतं तेवढंच इथे लिहितेय.

पेरोव्हस्काइटचा पहिला सोलर सेल २००९ मध्ये आला तेव्हा त्याची कार्यक्षमता ४ टक्क्यांच्या आत होती, आज लॅबमधले छोटे सेल २५ टक्क्यांच्या वर गेलेत. ही प्रगती खरंच मोठी आहे, पण ते टिकत नाहीत हे दुखणं अजून तसंच आहे. दमट हवेत उघडी ठेवलेली फिल्म आधी गडद तपकिरी, जवळजवळ काळी दिसते, मग कडेकडेने पिवळी पडायला लागते, तो पिवळा रंग म्हणजे लेड आयोडाइड, म्हणजे वीज बनवणारं मटेरियल तिथे संपलेलं असतं. सिलिकॉन पॅनलवर साधारण २५ वर्षांची वॉरंटी मिळते, त्यामुळे त्याच्या शेजारी उभं राहायचं तर नुसती कार्यक्षमता दाखवून भागत नाही.

टिकाऊपणाच्या बऱ्याच टेस्टमध्ये सेल सतत उजेडात ठेवतात किंवा अंधारात ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात. या टेस्ट गरजेच्याच आहेत, पण छतावरच्या पॅनलला रोज उजेड आणि रोज अंधार मिळतो, आणि पेरोव्हस्काइटमधले आयन उजेडात सरकतात, अंधारात काही प्रमाणात परत येतात, त्यामुळे काही सेल रात्रीत थोडे सावरतात तर काही उलट जास्त बिघडतात. सतत उजेडातल्या आकड्यावरून खरं आयुष्य सांगणं म्हणूनच धोक्याचं आहे, आणि माझं काम नेमकं याच फरकावर आहे.

याचा पहिला फायदा याच विषयातल्या इतर लॅबना होईल, सामान्य माणसाला नाही, हे सरळ मान्य करते. प्रत्येक सेलचा पूर्ण डेटा मी खुला ठेवणार आहे आणि त्यात पहिल्याच आठवड्यात मेलेले सेलही असतील, कारण पेपरमध्ये बहुतेक वेळा सगळ्यात चांगला सेल दिसतो आणि बाकीचे का गेले हे कुणालाच कळत नाही, मग तीच चूक दुसरीकडे पुन्हा होते, पैसे आणि मटेरियल दोन्ही वाया. मोजणीसाठीचं सर्किट आणि सॉफ्टवेअरही खुलं असेल, महागडं उपकरण परवडत नाही अशा कॉलेजच्या लॅबला ते वापरता यावं असा प्रयत्न आहे, मात्र उजेडाचं कॅलिब्रेशन त्यांना स्वतः करावं लागेल, ते काम माझ्या डिझाइनने सुटत नाही.

पॅनल बनवणाऱ्यांना उपयोग झालाच तर तो नंतरचा आहे. माझे सेल नखाएवढे असतील, मोठ्या मॉड्यूलमध्ये सीलिंग, जोडण्या, कडांमधून शिरणारी ओल असे वेगळेच प्रश्न येतात, त्यामुळे माझ्या आकड्यांवरून मॉड्यूल किती वर्षं टिकेल असा दावा मी करणार नाही आणि इतरांनी तो करू नये असं डेटासोबत स्पष्ट लिहीन.

शिशाबद्दल लिहायलाच हवं. एका चौरस मीटर फिल्ममध्ये शिसं साधारण एक ग्रॅमच्या आत असतं, आकडा छोटा वाटतो पण ते पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असतं, आणि शिशाचा लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, म्हणून ‘प्रमाण कमी आहे’ एवढं म्हणून मी विषय सोडणार नाही. शिसं अडवण्याचा उपाय या प्रकल्पात नाहीये. मी करू शकते ते एवढंच की बिघडलेल्या काही सेलमधून पाण्यात किती शिसं उतरतं ते मोजून त्याच डेटात टाकेन, आणि लॅबमधला सगळा शिशाचा कचरा वेगळा साठवून धोकादायक कचरा म्हणूनच पाठवेन, सिंकमध्ये एक थेंबही जाणार नाही.

दर वर्षी दोन पदवीच्या विद्यार्थ्यांना सोबत घेणार आहे. ते पुढे सोलर क्षेत्रातच जातील असं वचन देत नाही, पण सेल बनवणं, मोजमापातली एरर काढणं आणि न जमलेला प्रयोग नीट लिहून ठेवणं हे तिन्ही ते स्वतःच्या हाताने करतील आणि डेटावर त्यांचं नाव असेल.

पहिल्या वर्षाच्या रिपोर्टमध्ये किती सेल बनवले, किती गेले आणि कशाने गेले हे देईन. दिवस-रात्रीच्या चक्राने काहीच फरक पडत नाही असं निघालं तरी तो निकाल तसाच छापायला पाठवेन, कारण मग सोप्या टेस्टवर भरवसा ठेवता येतो हेही लॅबना कळायला हवंय.