शनिवारच्या बाजारातली फळगाडीची हाक

(सकाळी, क्रेट उघडताना. गर्दी अजून लांब आहे, म्हणून शेवटचा स्वर ताणायचा.)

आलाऽऽ आला, माल आलाऽऽ!
रातच्याला तुटला, दिसाला आलाऽऽ!
पेटी फोडली, वास सुटला,
आळसटलेला बाजार उठला!

बोला भवानीऽऽ! भवानी कुणाची?
पहिल्या हाताची, गोड मनाची!
पहिलं गिऱ्हाईक देवाचं,
एक फळ जादा नावाचं!

या ताई, या माई, या हो अक्का,
भाव आमचा एकच, बोलीचा पक्का!

द्राक्षं घ्या द्राक्षंऽऽ! नाशिकची द्राक्षंऽऽ!
घड बघा घड, हिरवा देठ,
मळ्यातनं उतरला गाडीवर थेट!
किलोला साठ, किलोला साठऽऽ!
गोडीशी बांधलीय साखरगाठ!

या मावशी, भवानी तुमच्याच हातची आज. एक किलो? हे घ्या. काय म्हणता, पांढरं काय आहे? अहो, ती द्राक्षाची अंगचीच लव. बोटानं पुसा, बघा कसं चकाकतं. तरी घरी गेल्यावर पाण्यातनं काढा, ते कुणाच्याही मालाला करायचंच. आणि तुमचं जादाचं फळ बाकी बरं का! अंजिराची पाटी अजून सोडली नाही. बाजार उरकून जाताना न्या.

(ऊन चढलं, गर्दी वाढली. आता ओळी तुटक, ठोक्यात.)

होळी जळाली, थंडी पळाली,
कलिंगडाची गाडी इकडं वळाली!
लाऽऽल लाल! आत लाल!
कापून देतो, बघून न्याल!
बाहेर हिरवं, आत गुलाल,
खाता खाता रंगतील गाल!

थाप मारा, ऐका नाद,
फुसकं वाजलं तर आमचं बाद!
पोट पिवळं, वेलावर पिकलं,
कच्चं निघालं तर फुकट विकलं!
चाळीसला एक, सत्तरला जोडी,
दोन्ही हात भरा, जड तेवढी गोडी!

दादा, नुसतं वाजवत काय बसलाय, टिकली काढून दाखवतो. थांबा. सुरी अशी तिरकी, तीन बाजूंनी, आणि ही बघा, टोकापर्यंत लाल! पांढरी कडा बोटभरसुद्धा नाही. आता ती टिकली त्या पोराला द्या, मघापासून माझ्या सुरीकडं बघतंय बिचारं.

तीसला डझनऽऽ! तीसला डझनऽऽ!
जळगावची केळी, पोटभर भोजन!
दात नाही आजीला? काय अडतंय,
जिभेवर ठेवलं की आपोआप उतरतंय!
ठिपका बघून पळू नका,
ठिपका म्हंजी गोडीचा शिक्का!

नागपूरची संत्रीऽऽ!
अंगरखा सैल, बिनगुंडीची शाल,
नखानं उघडा, सुटते साल!
ऐंशीला किलो, फोडीफोडीत रस,
एक खाल्लं तर म्हणणार नाही बस!

घोलवडचा चिकू, मातकट दिसतो,
रंगावर जाऊ नका, आतनं हसतो!
पपई कापली, सोनं सांडलं,
पोट नाही मग कुणाशी भांडलं!

हापूस? आहे का म्हणून कुणी विचारलं?
आंबा आंबा करू नका, धरा की दम,
आत्ता घेतला तर खिशाला जखम!
अक्षय्य तृतीयेला या, मग बोलू. आज द्राक्षाचं राज्य आहे, त्याला सुखानं नांदू द्या.

(पाटीवरचं पान बाजूला करताना आवाज खाली आणायचा. लोक आपोआप जवळ येतात.)

हळू बोला, हळू बोला,
पुरंदरच्या अंजिराचा पडदा खोला!
हात लावू नका, लाजतंय हो,
दाबलं की मध गाळतंय हो!
पानात अंजीर, पानात पाटी,
टिकायचं नाही ते उद्यासाठी!
पावशेर तीस, पावशेर तीस,
सकाळी तोडलं, दुपारी खास!

(भांडीवाल्यानं कर्णा लावला की.)

शेजारचा भोंगा बॅटरीवर बोले,
आपला गळा तांब्यावर चाले!
बॅटरी उतरली की भोंगा गप,
आमचं आपलं दिवसभर जप!

निवडून घ्या, पण चिवडू नका,
दाबून दाबून रडवू नका!
काटा शून्यावर, मगच माल,
घरी मोजलं तरी तेवढंच भराल!
सुट्टे द्या सुट्टे, नाहीतर कोड,
फोनवर पैसे, हातात गोड!

काय म्हणता ताई, संत्री साठला? अहो, आडतीतच माल त्याच्या वर पडलाय, मी काय घरातनं घालू? चला, ऐंशीच, पण हे दोन चिकू वरनं ठेवतो. पुढच्या शनिवारी तुम्हीच येऊन सांगाल कसे निघाले. पिशवी उघडा. अशी नको, संत्री खाली, चिकू वर. जड खाली, नाजूक वर, नाहीतर घरी जाऊन माझ्या नावानं बोटं मोडाल.

ओ भाऊ, गाडी बाजूला घ्या की!
हॉर्न वाजवून फळ पिकत नाही,
वाट अडवून दुकान टिकत नाही!

(दिवे लागले. हात जड, आवाज बसलेला, पण लोकांना आता भाव ऐकायचा असतो.)

दिवा लागला, भाव उतरलाऽऽ!
साठचा माल पन्नास ठरलाऽऽ!
पन्नास गेले, चाळीस आले,
थांबणाऱ्यांचे भले झाले!

वाटा वीस, वाटा वीसऽऽ!
उचला वाटा, करू नका कीस!
चार संत्री, दोन चिकू,
अशा भावात कधी विकू?

मऊ केळ्याचं करा शिकरण,
दहा रुपयांत मिटेल प्रकरण!
कलिंगड राहिलं एकटं बसून,
अर्ध्या भावात न्या हसून हसून!

वीसलाऽऽ वीसला! कोण घेतोय बोला!
घ्या दादा, अहो, उद्या रविवार, घरी पाहुणे येतील. नाही आले तर? मग तुम्हीच खा, मी काय पंगतीला बसवतोय?

शेवटचा घड, शेवटचा घडऽऽ!
क्रेट रिकामा, गल्ला जड!
आवरा आवरा, ताडपत्री आली,
काट्यालासुद्धा झोप आली!

ओ मावशीऽऽ! इकडं, इकडं! सकाळचं तुमचं जादाचं अंजीर राहिलंय. पानात बांधून काट्याच्या मागं ठेवलं होतं, दोनदा गिऱ्हाईकाला नाही म्हटलं. पिशवी पुढं करा. तळाला नको, वरती ठेवा.