घरांच्या तारखा : 2026-27
(कोथरूडचं घर, ठाण्याचा भाड्याचा फ्लॅट, नाशिकचा गाळा)

एप्रिल-मे : तिन्ही घरपट्ट्या. सवलतीची अंतिम तारीख बिलावर असते, ती आल्या दिवशीच इथे लाल पेनाने लिहायची. पट्टी थकली की दरमहा 2 टक्के शास्ती लागते. कोथरूडच्या बिलात स्वतः राहत असल्याची 40 टक्के सवलत दिसते का, ते आधी बघायचं. भरल्याची पावती हिरव्या फाइलमध्ये.

सोसायटी मेंटेनन्स : कोथरूड दर तिमाहीला, 10 एप्रिल, 10 जुलै, 10 ऑक्टोबर, 10 जानेवारी. ठाणे दरमहा 5 तारखेला. ठाण्याच्या बिलात बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको. जास्त दिसलं तर सेक्रेटरींना लेखीच कळवायचं.

31 ऑगस्ट : ठाण्याचा लिव्ह अँड लायसन्स करार संपतो. सर्वांत महत्त्वाची तारीख हीच.
1 जुलै : भाडेकरूंना फोन, राहणार की सोडणार?
20 जुलै : भाडं आणि डिपॉझिट ठरवून एजंटला कागद.
10 ऑगस्ट : नोंदणी. दोघांचे अंगठे, आधार आणि दोन साक्षीदार लागतील. नोंदणी करायची जबाबदारी कायद्याने मालकाची, म्हणून हे भाडेकरूंवर सोडायचं नाही. नवा करार 1 सप्टेंबर ते 31 जुलै 2027. प्रत सोसायटीला, माहिती पोलिसांना.

14 नोव्हेंबर : गाळ्याचा आगीचा विमा संपतो. 8 तारखेला दिवाळी आहे, तेव्हा हप्ता 25 ऑक्टोबरलाच भरायचा. मालाची रक्कम वाढवून घ्यायची.

22 फेब्रुवारी : कोथरूडच्या घराचा विमा.