हिरव्या सुताचा माल बदलून मिळण्याबद्दल – बिल नं. 412, तारीख 6 नोव्हेंबर 2025

अण्णा नमस्कार,

काल संध्याकाळी फोनवर बोललो तेच सगळं आज लिहून पाठवतोय. तुम्हीच म्हणालात की फोटो आणि डिटेल पाठव, मग बघतो. म्हणून जरा लांब झालंय, पण पूर्ण वाचा आणि मगच गोडाऊनला फोन लावा ही विनंती.

ऑर्डर आधी. 28 ऑक्टोबरला मी तुमच्याकडे इचलकरंजीला आलो होतो, तुम्ही 2/80 कॉटन डाईडचा हिरवा कोन दाखवला, मला शेड पटली, तो नमुना कोन मी बरोबर घेऊन आलो आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर टाकली: तीन बाचकी, 150 किलो, 560 रुपये किलो, "सगळा माल एकाच लॉटचा पाहिजे, आडव्याला वापरणार आहे" असं त्याच मेसेजमध्ये लिहिलंय, तुम्ही त्यावर "ओके" पाठवलंय. बिल 84,000 आणि 5 टक्के आयजीएसटी 4,200, एकूण 88,200. त्यातले 40,000 अ‍ॅडव्हान्स मी ऑर्डरबरोबरच टाकले, 48,200 बाकी आहेत. माल 8 तारखेला शनिवारी ट्रान्सपोर्टने वडगावला पोचला, बाचकी शिवलेलीच होती, वजन बरोबर भरलं. त्याबद्दल तक्रार नाही.

11 तारखेला मंगळवारी माग लावले. दोन दिवस काही कळलं नाही कारण आमच्या शेडमध्ये ट्यूबलाईटच्या उजेडात दोन्ही हिरवे सारखेच दिसतात. गुरुवारी सकाळी घडी घालायला साड्या बाहेर पडवीत आणल्या, आणि उन्हात आडवे पट्टे सरळ दिसले, बोटभर ते वीतभर रुंद, एक गडद एक फिकट, काही साड्यांत तर पदरापर्यंत तसेच गेलेत. तिथंच सगळे माग बंद केले आणि तुम्हाला फोन लावला. तोपर्यंत 61 साड्या उतरल्या होत्या, त्यातल्या 44 पट्ट्याच्या निघाल्या, 17 चांगल्या आहेत.

आता तुमच्या मनात पहिला प्रश्न येणार तो मला माहीत आहे, की पट्टा मागामुळे पण येतो. बरोबर आहे, येतो. म्हणून आधी तेच तपासलं. पिक ग्लास लावून गडद पट्ट्यात आणि फिकट पट्ट्यात पिक मोजले, दोन्हीकडे इंचाला 56 च आहेत, म्हणजे विण पातळ-दाट झालेली नाही. दुसरं, पट्टा बरोबर तिथंच बदलतो जिथं धोट्यातली कांडी बदलली, मधे कुठंही नाही, आणि हे आठही मागांवर तसंच आहे. आठ माग एकाच वेळी एकाच पद्धतीने बिघडत नाहीत ओ. जुनं सूत मिसळलं असेल असं म्हणाल तर माझ्याकडे हिरवं सूत शिल्लकच नव्हतं, तुमच्या मालाच्या आधी महिनाभर सगळे माग मरून रंगावर होते.

मग कोन तपासले. पहिली दोन बाचकी फोडली होती त्यातले उरलेले कोन उन्हात मांडले, तिसरं बाचकं अजून शिवलेलंच होतं, ते शेजारच्या कारखान्याच्या मालकांना बोलावून त्यांच्यासमोर उसवलं, शिवण उसवायच्या आधीपासून शेवटचा कोन बाहेर येईपर्यंत सलग व्हिडिओ आहे, मधे कुठं थांबवलेला नाही. त्या बाचक्यात 40 कोन, त्यातले 27 गडद आणि 13 फिकट. आधीच्या दोन बाचक्यांतले 61 पूर्ण कोन शिल्लक आहेत, त्यात 37 गडद, 24 फिकट. गडद शेड तुमच्या नमुना कोनाशी तंतोतंत जुळते, फिकट जुळत नाही, पिवळ्याकडे झुकते. नमुना कोन मधे ठेवून दोन्हीकडे दोन ढीग असा फोटो काढलाय, तो पहिला बघा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण दोष नेमका कुठं आहे ते त्यावरून कळतं. फिकट कोनांपैकी तीन कोन मी पोटापर्यंत उलगडून बघितले, वरचं सूत, मधलं सूत आणि आतलं सूत एकसारखं आहे. कोन डाईंगमध्ये रंग आत नीट पोचला नसता तर एकाच कोनात बाहेर-आत फरक दिसला असता. तसं नाही. रंग पक्का पण आहे, ओल्या पांढऱ्या कापडावर घासून बघितलं, उतरत नाही. म्हणजे तुमच्या डाईंगवाल्यांनी काम चांगलंच केलंय, फक्त दोन वेगवेगळ्या बॅच पॅकिंगला एकत्र झाल्यात.

आणि हे अंदाजाने बोलत नाही बगा. सगळ्या कोनांवर लॉट नंबर 73 चा स्टिकर आहे, पण फिकट कोनांच्या स्टिकरखाली आणखी एक स्टिकर लागतोय. वरचा हळू सोलला की खाली 71 दिसतो. मी पाच कोनांवर सोलून बघितला, पाचही ठिकाणी 71. गडद कोनांवर एकच स्टिकर आहे. मी तुमच्यावर आळ घेत नाही अण्णा, दिवाळीनंतर कामाला माणसं कमी असतात, माल भरायची घाई असते, पॅकिंगच्या पोरांनी 73 कमी पडला म्हणून 71 घातला असेल आणि तुमच्या कानावर पण नसेल. पण साठ-सत्तर मैलांवर बसलेल्या माणसाला स्टिकरवर विश्वास ठेवण्याशिवाय दुसरा मार्ग नसतो, कोन हातात घेऊन रोज उन्हात कोण बघतंय. म्हणून हे मला जास्त लागलं.

पाठवतोय ते असं: बिल आणि ट्रान्सपोर्ट पावतीचा फोटो, ऑर्डरच्या चॅटचा स्क्रीनशॉट, बाचकं उसवतानाचा व्हिडिओ, नमुना कोन आणि दोन्ही ढिगांचा फोटो, सोललेल्या पाच स्टिकरांचे जवळून फोटो, आणि पट्ट्याच्या साड्यांचे सहा फोटो, सगळे सकाळच्या उजेडात काढलेले. शिवाय पट्ट्याच्या साडीचा अर्धा मीटर तुकडा, एक गडद कोन आणि एक फिकट कोन उद्या शनिवारच्या पार्सलला टाकतोय, फोटोत रंग बदलतो म्हणून हातात घेऊनच बघा. बाकी कोन जसेच्या तसे वेगळे ठेवलेत, तुमचा माणूस कधीही येऊन बघू दे, निपाणीवरून दोन-अडीच तासात येतो.

तुमच्या बिलाखाली छापलंय की तक्रार आठ दिवसांत करावी आणि सूत विणल्यावर तक्रार चालणार नाही. माल 8 ला मिळाला, 13 ला फोन केला, आज 14 ला लेखी देतोय, म्हणजे मुदतीत आहे. विणल्यावर चालणार नाही हे सुद्धा मला मान्य आहे जिथं दोष न विणता दिसतो तिथं. इथं स्टिकर एकच, उजेडात नीट बघितल्याशिवाय फरक कळत नाही, आणि मी मागतोय तो मुख्यतः न विणलेला मालच बदलून मागतोय. नमुना दाखवून विकलेला माल नमुन्यासारखाच असला पाहिजे हे 1930 च्या मालविक्री कायद्यात कलम 17 मध्ये आहेच, पण आपल्यात कायदा काढायची वेळ येऊ नये असंच मला वाटतं. फक्त एक, तुमच्या बिलावर उद्यम नंबर आहे, एमएसएमई कायद्यात माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली तर पैशाची मुदत हरकत मिटल्यापासून धरतात, म्हणून बाकी रक्कम मी सध्या थांबवलीय. बुडवायची म्हणून नाही.

हिशोब असा. 150 पैकी 14 किलो विणलं, 9 किलो कांड्यांवर भरलंय आणि त्यात दोन्ही शेड मिसळल्यात, 127 किलो कोनावर शिल्लक आहे. उद्या पाठवतोय ते दोन कोन पण या 127 मध्येच धरलेत. चांगल्या 17 साड्यांत गेलेलं 4 किलो माझ्याकडे लावा, त्याचे पैसे मी देणार. बाकी 19 किलो तुमच्याकडे.

माझी मागणी: 127 किलो सूत एकाच बॅचचं, नमुना कोनाच्या शेडचं, बुधवारी 19 तारखेपर्यंत वडगावला पोचलं पाहिजे. पाठवायच्या आधी नवीन बॅचच्या प्रत्येक बाचक्यातला एक-एक कोन उन्हात शेजारी ठेवून फोटो टाका, मी हो म्हणतो, मग गाडीत घाला. तीच गाडी परत जाताना माझ्याकडचं सूत घेऊन जाईल, दोन्हीकडचं भाडं तुमचं. परतीच्या मालाचं चलन आणि ई-वे बिल मी तयार ठेवतो. कागदाला सोपं पडावं म्हणून तुम्ही 146 किलोची क्रेडिट नोट काढा, टॅक्स धरून 85,848 ची, आणि 127 किलोचं नवीन बिल 74,676 चं. फरक 11,172 निघतो, तो बाकीतून वजा करून राहिलेले 37,028 मी माल तपासून दोन दिवसांत टाकतो.

तसं झालं तर 44 साड्यांचा ताणा, विणकरांची मजुरी आणि बंद मागांचे दिवस यातलं काहीच मी तुमच्याकडे मागणार नाही. साड्या सेकंडमध्ये काढतो, तो तोटा मी सोसतो. विणकरांना त्यांची मजुरी मी पूर्ण दिलीय, त्यांची त्यात काय चूक.

19 ची तारीख का धरलीय ते पण सांगतो. 4 डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा आहे, सौंदत्तीला यल्लम्माची यात्रा, हिरव्या साडीचा खप तेव्हाच. दुकानदाराला माल यात्रेच्या आधी पोचवायचा शब्द दिलाय. त्यानंतर हिरवं सूत फुकट दिलंत तरी या हंगामाला उपयोग नाही. म्हणून 73 ची शेड तुमच्याकडे नसेल किंवा 19 पर्यंत जमणार नसेल तर सोमवारी 17 ला दुपारपर्यंत स्पष्ट नाही म्हणा, मी राग धरणार नाही. मग बदली माल नको, 127 किलो परत घेऊन जा, फक्त 4 किलोचे 2,352 कापून घ्या आणि अ‍ॅडव्हान्समधले 37,648 माझ्या खात्यावर परत टाका, मी त्याच दिवशी दुसरीकडून सूत उचलतो. "बघतो, करतो" यात मात्र अडकवू नका, आठ माग उभे आहेत आणि त्यावर चार घरं चालतात.

आपला व्यवहार वडिलांपासूनचा आहे. त्यांनी तुमच्या वडिलांकडून उधारीवर सूत आणून इथं पहिला माग चालवला हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मला पुढं पण तुमच्याकडूनच सूत घ्यायचंय, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

पार्सल रविवारी मिळेल. कोन बघितले की लगेच फोन करा, कितीही वाजू देत. गाडी कोणत्या दिवशी निघणार तेवढं सोमवारी दुपारपर्यंत मेसेजवर लिहून द्या.

तुमचा,
संतोष
वडगाव, बेळगाव
14 नोव्हेंबर 2025