तीव्र दाह: दीर्घोत्तरी प्रश्नाचे नमुना उत्तर

विकृतिशास्त्र, सराव परीक्षा, पुणे. एकूण गुण 80, एकूण वेळ 3 तास.

प्रश्न 2 (20 गुण). भोसरीतील एका फॅब्रिकेशन कारखान्यात काम करणाऱ्या 28 वर्षांच्या पुरुषाच्या उजव्या तर्जनीच्या टोकात दोन दिवसांपूर्वी लोखंडाची कपची घुसली. आता बोटाचे टोक लाल, गरम व सुजलेले असून ठसठसून दुखते आणि बोट वाकवता येत नाही. तापमान 38.6 अंश सेल्सिअस आहे. पांढऱ्या पेशी दर घन मिलिमीटरला 16,200 असून त्यांत न्यूट्रोफिल 84 टक्के आहेत. छेद दिल्यावर घट्ट पिवळा पू निघाला.
(अ) या विकृतीचे नाव व व्याख्या लिहा आणि रुग्णाच्या लक्षणांची कारणमीमांसा करा. 5
(आ) रक्तवाहिन्यांतील बदल आकृतीसह लिहा. 4
(इ) पांढऱ्या पेशींचे रक्तवाहिनीबाहेर येणे व भक्षण आकृतीसह सविस्तर लिहा. 7
(ई) या विकृतीचे परिणाम व रूपप्रकार थोडक्यात लिहा. 4

*समासातील वेळ: 80 गुणांना 180 मिनिटे, म्हणून 20 गुणांना 45 मिनिटे. वाचन व आराखडा 4, (अ) 10, (आ) 9, (इ) 15, (ई) 5, उजळणी 2.*

उत्तर

(अ) हा तीव्र दाह असून त्याचा रूपप्रकार पूयुक्त आहे. बोटाच्या टोकाच्या मऊ भागात पू साचल्यामुळे रुग्णाला स्थानिक गळू, म्हणजे पल्प ॲब्सेस झालेला आहे. या जागी असा पू बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूमुळे होतो.

इजा किंवा संसर्ग झाल्यावर रक्तवाहिन्या असलेल्या जिवंत ऊतीने दिलेला, मिनिटांत ते तासांत सुरू होणारा व साधारणतः थोडे दिवस टिकणारा प्रतिसाद म्हणजे तीव्र दाह होय. या प्रतिसादातून प्रथिनयुक्त द्रव आणि मुख्यत्वे न्यूट्रोफिल पेशी इजेच्या जागी पोहोचतात. व्याख्येतील ‘रक्तवाहिन्या असलेल्या’ हे शब्द गाळू नयेत, कारण पुढे लिहिलेल्या घटनांची सुरुवात वाहिनीच्या भिंतीवरच होते.

लाली, सूज, उष्णता व वेदना ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात नोंदवली. कार्यहानी हे पाचवे लक्षण नंतर जोडले गेले व त्याचे श्रेय परंपरेने फिर्खोव्हला दिले जाते. या रुग्णात ही पाचही लक्षणे दिसतात. हिस्टामिन, प्रोस्टाग्लँडिन व नायट्रिक ऑक्साइड यांच्यामुळे आर्टेरिओल रुंदावतात आणि केशिकांत अधिक उबदार रक्त येते, म्हणून बोट लाल व गरम आहे. व्हेन्यूलमधून प्रथिनयुक्त द्रव बाहेर झिरपल्याने सूज आली आहे. ब्रॅडिकायनिन व प्रोस्टाग्लँडिन ई2 वेदनावाहक मज्जातंतू उत्तेजित करतात. शिवाय बोटाच्या टोकातील चरबी तंतुमय पडद्यांनी लहान कप्प्यांत विभागलेली असल्यामुळे थोड्याशा द्रवानेही तेथील दाब फार वाढतो, आणि प्रत्येक नाडीच्या ठोक्याबरोबर वेदना ठसठसते. वेदना व सूज यांच्यामुळे बोट वाकवता येत नाही, ही कार्यहानी.

ताप व पेशीवाढ ही सर्वांगीण लक्षणे आहेत. मॅक्रोफेजमधून निघणारे टीएनएफ व इंटरल्युकिन-1 यांच्यामुळे हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई2 तयार होऊन शरीराच्या तापमानाची नियंत्रण-पातळी वर सरकते. म्हणूनच सायक्लोऑक्सिजनेज रोखणारी औषधे ताप उतरवतात. हीच सायटोकाइन अस्थिमज्जेतील साठ्यातून न्यूट्रोफिल लवकर रक्तात सोडतात, तर इंटरल्युकिन-6 यकृताला सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन बनवण्यास उद्युक्त करते.

*समास, 14वे मिनिट: लक्षणांची नुसती यादी गुण मिळवून देत नाही. प्रश्नात ‘कारणमीमांसा’ आहे, म्हणून प्रत्येक लक्षण रुग्णाच्या बोटाशी व एखाद्या मध्यस्थ रसायनाशी जोडले आहे.*

(आ) इजेनंतर प्रथम आर्टेरिओल काही सेकंद आकुंचन पावतात; ही घटना अल्पजीवी आहे व तिचे महत्त्व कमी. त्यानंतर त्या रुंदावतात, केशिकांची जाळी उघडतात आणि रक्तप्रवाह वाढतो. पुढे सूक्ष्मवाहिन्यांची पारगम्यता वाढून प्लाझ्मा बाहेर पडला की आत उरलेले रक्त दाट होते, लाल पेशी दाटीवाटीने साचतात व प्रवाह मंदावतो. या मंद प्रवाहाला स्टॅसिस म्हणतात, आणि पांढऱ्या पेशी भिंतीकडे सरकण्याची पूर्वतयारी येथेच होते.

पारगम्यता अनेक मार्गांनी वाढते. सर्वांत सामान्य मार्ग असा की हिस्टामिन, ब्रॅडिकायनिन व ल्युकोट्राइन यांच्यामुळे एंडोथेलियल पेशी आकुंचन पावतात आणि त्यांच्यामध्ये फटी पडतात. हे मुख्यतः केशिकांनंतरच्या व्हेन्यूलमध्ये घडते व साधारण 15 ते 30 मिनिटे टिकते. भाजणे किंवा जीवाणूंची विषे यांच्यामुळे पेशीच मरत असल्यास गळती लगेच सुरू होते आणि वाहिनी दुरुस्त होईपर्यंत किंवा रक्ताची गुठळी बसेपर्यंत चालते. उन्हाने किंवा सौम्य उष्णतेने होणारी गळती मात्र काही तासांनी सुरू होते. याशिवाय पेशीच्या आरपार द्रव वाहून नेणारी वाटही वाढते.

बाहेर आलेला प्रथिनयुक्त, पेशीयुक्त द्रव म्हणजे एक्झुडेट. त्याचे विशिष्ट गुरुत्व साधारणतः 1.020 पेक्षा अधिक असते. उलट हृदयविकारात केवळ दाबामुळे झिरपणाऱ्या द्रवात, म्हणजे ट्रान्सुडेटमध्ये, प्रथिने फार कमी असतात आणि भिंतीची पारगम्यता बदललेली नसते.

आकृती 1. सूक्ष्मवाहिन्यांतील बदल (पेन्सिलने, एकाखाली एक दोन जाळी, डावीकडे आर्टेरिओल, मध्ये केशिका, उजवीकडे व्हेन्यूल)

सामान्य: अरुंद आर्टेरिओल → मोजक्या उघड्या केशिका → व्हेन्यूल, भिंत अखंड
दाहात: रुंद आर्टेरिओल (लाली, उष्णता) → सर्व केशिका उघड्या → व्हेन्यूलच्या भिंतीत फटी → प्रथिने व द्रव बाहेर (सूज) → आत दाट रक्त, मंद प्रवाह

*समास, 23वे मिनिट: आकृतीला रंग भरलेले नाहीत. नावे एका सरळ उभ्या ओळीत व बाण पट्टीने काढले आहेत; वेळ (इ)साठी राखला.*

(इ) या प्रतिसादाचे मर्म येथे आहे, कारण रक्तातील न्यूट्रोफिल नेमका याच बोटाच्या टोकाशी का थांबतो याचे उत्तर पेशींच्या पृष्ठभागावरील रेणूंत मिळते.

प्रवाह मंदावल्यावर लाल पेशी मध्यभागी राहतात आणि पांढऱ्या पेशी भिंतीलगत येतात, हे मार्जिनेशन. हिस्टामिन व थ्रॉम्बिन यांच्यामुळे एंडोथेलियल पेशीतील वायबेल-पलाड कणांत साठवलेले पी-सिलेक्टिन काही मिनिटांत पृष्ठभागावर येते, तर टीएनएफ व इंटरल्युकिन-1 यांच्या प्रभावाखाली ई-सिलेक्टिन एक-दोन तासांत नव्याने तयार होते. न्यूट्रोफिलवरील सायलिल लुईस एक्स ही शर्करा यांना सैल धरते, सुटते, पुन्हा धरते. त्यामुळे पेशी उतारावरच्या चेंडूसारखी भिंतीवरून घरंगळते. याला रोलिंग म्हणतात.

घरंगळणाऱ्या पेशीला एंडोथेलियमवर चिकटलेली केमोकाइन भेटतात. त्यांच्या संदेशाने पेशीवरील एलएफए-1 व मॅक-1 ही इंटिग्रिन आपला आकार बदलून घट्ट पकडीच्या स्थितीत येतात व एंडोथेलियमवरील आयकॅम-1 ला बांधली जातात. पेशी थांबते. याचा पुरावा एका आजारात मिळतो: ल्युकोसाइट ॲढीजन डेफिशियन्सी प्रकार 1 मध्ये इंटिग्रिनची सीडी18 ही साखळी सदोष असते, त्यामुळे रक्तात न्यूट्रोफिल भरपूर असूनही पू होत नाही, वारंवार संसर्ग होतात आणि नवजात बाळाची नाळ उशिरा गळते. थांबलेली पेशी पीकॅम-1 च्या साहाय्याने दोन एंडोथेलियल पेशींमधून सरकते व एन्झाइमने तळपटल भेदून ऊतीत उतरते.

ऊतीत ती रसायनांच्या वाढत्या तीव्रतेकडे चालत जाते, हे केमोटॅक्सिस. जीवाणूंचे फॉर्मिल-मेथिओनिल पेप्टाइड, सी5ए, ल्युकोट्राइन बी4 आणि इंटरल्युकिन-8 ही प्रमुख आकर्षक रसायने आहेत. पहिल्या 6 ते 24 तासांत न्यूट्रोफिल व 24 ते 48 तासांत मोनोसाइट अधिक असतात. हा क्रम सर्वत्र लागू नाही: स्यूडोमोनासच्या संसर्गात न्यूट्रोफिल अनेक दिवस येत राहतात, आणि विषाणुजन्य दाहात लिम्फोसाइट सुरुवातीलाच दिसू शकतात. या रुग्णातही दोन दिवसांनंतर पू म्हणजे न्यूट्रोफिलच आहेत, कारण जीवाणू व कपची अजून तेथेच आहेत.

आकृती 2. न्यूट्रोफिलचा प्रवास (आडवी व्हेन्यूल, खालच्या भिंतीवर पेशीची पाच स्थाने, प्रत्येक स्थानाखाली रेणू)

मार्जिनेशन (मंद प्रवाह) → रोलिंग (सिलेक्टिन) → घट्ट चिकटणे (इंटिग्रिन व आयकॅम-1) → भिंतीतून पलीकडे (पीकॅम-1) → केमोटॅक्सिस (सी5ए, ल्युकोट्राइन बी4, इंटरल्युकिन-8) → जीवाणू

भक्षणाची कल्पना मेचनिकोव्हने 1882 मध्ये तारामाशाच्या अळीत काटा टोचून केलेल्या निरीक्षणातून मांडली; 1908 मध्ये त्याला एर्लिखबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. भक्षणाच्या आरंभी इम्युनोग्लोब्युलिन जी व सी3बी ही ऑप्सोनिन जीवाणूवर बसतात आणि पेशी त्यांना ग्राहकांनी ओळखते. मग छद्मपाद जीवाणूला वेढतात, फॅगोसोम तयार होतो व त्यात लायसोसोमचे कण रिकामे होतात.

मारण्याचे काम मुख्यतः ऑक्सिजनवर अवलंबून आहे: एनएडीपीएच ऑक्सिडेज ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवते, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि मायलोपेरॉक्सिडेज क्लोराइडच्या साहाय्याने त्याचे तीव्र जंतुनाशक हायपोक्लोरस आम्ल करते. पहिले एन्झाइम सदोष असल्यास क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज होतो. लायसोझाइम, डिफेन्सिन व इलॅस्टेज ऑक्सिजनविनाही काम करतात. मात्र हीच द्रव्ये बाहेर सांडली की रुग्णाची स्वतःची ऊती विरघळते, आणि मृत न्यूट्रोफिल, जीवाणू व विरघळलेली ऊती मिळून या बोटातील पू बनतो.

*समास, 38वे मिनिट: पूरक प्रणाली व ॲराकिडोनिक आम्लाची पूर्ण साखळी मुद्दाम टाळली आहे. ती विचारलेली नाही.*

(ई) कारण लवकर दूर झाले व ऊतीची हानी अल्प असली तर पूर्ण निवारण होते: न्यूट्रोफिल ॲपॉप्टोसिसने मरतात, मॅक्रोफेज त्यांना उचलतात, द्रव लसिकावाहिन्यांतून परत जातो, आणि लिपॉक्सिन, इंटरल्युकिन-10 ही रसायने प्रतिसाद आवरतात. हानी मोठी असली किंवा ऊती पुन्हा वाढू शकत नसली तर व्रण तंतूंनी भरतो. कारण टिकून राहिले तर दाह जीर्ण होतो.

रूपप्रकारांत सीरस दाहात पातळ द्रव असतो, उदाहरणार्थ भाजल्याचा फोड. फायब्रिनस दाहात फायब्रिनचे थर बसतात, जसे पेरिकार्डियमवर. पूयुक्त दाहात गळू होते. आणि पृष्ठभागाची मृत ऊती गळून पडल्यास व्रण उरतो.

आकृती 3. परिणाम

तीव्र दाह → पूर्ण निवारण
तीव्र दाह → पू, गळू → निचरा → तंतुमय भरणी
तीव्र दाह → कारण कायम → जीर्ण दाह

या रुग्णाचा मार्ग आकृतीतील दुसरा आहे. गळूच्या मध्यभागी रक्तपुरवठा नसल्यामुळे केवळ औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही, म्हणून छेद देऊन पू व कपची काढणे आवश्यक होते. निचरा उशिरा झाला असता बंद कप्प्यातील दाबाने टोकाच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ऑस्टिओमायलायटिस होण्याचा धोका होता.