डिस्चार्ज कार्ड मराठीत आणि सगळ्या कागदांच्या प्रती मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : १२ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
स्त्रीरोग व प्रसूती विभाग,
बीड

अर्जदार : सौ. मंगल बाळासाहेब सानप, वय ३४
रा. आसरडोह, ता. धारूर, जि. बीड
इनडोअर नोंद क्र. १४०७, भरती २१ जुलै २०२५, सुट्टी २४ जुलै २०२५

विषय : दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यासाठी डिस्चार्ज कार्ड मराठीत व उपचारांच्या सर्व कागदांच्या प्रती मिळण्याबाबत.

महोदय,

अंगावरून फार जात होते म्हणून २१ जुलैला रात्री मला तुमच्याकडे आणले. रक्त ६.८ निघाले. दोन पिशव्या रक्त चढवले, दुसऱ्या दिवशी क्युरेटिंग केले आणि चौथ्या दिवशी सुट्टी दिली. त्या रात्री तुमच्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी धावपळ केली नसती तर काय झाले असते ते मला ठाऊक आहे, त्यामुळे हा अर्ज तक्रारीचा समजू नये.

सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, "पिशवी खराब झाली आहे, दिवाळीच्या आत काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सरची भीती." मी विचारले, कागदावर काय लिहिले आहे? ते म्हणाले, तेच लिहिले आहे.

कार्ड इंग्रजीत आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे, इंग्रजी अक्षरे लावता येतात, पण डॉक्टरांचे अक्षर आणि त्यांचे आखूड शब्द लागत नाहीत. माझी भाची अंबाजोगाईला नर्सिंग करते. ती राखीला आली तेव्हा तिने कार्ड वाचले. शेवटच्या ओळीत 'टीएएच विथ बीएसओ' असे आहे. तिने सांगितले, मावशी, यात नुसती पिशवी नाही, दोन्ही बाजूंची अंडाशये आणि नळ्याही काढायच्या असे लिहिले आहे.

साहेब, हे मला कोणी सांगितले नव्हते. चौतिसाव्या वर्षी दोन्ही अंडाशये काढली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास त्याच दिवसापासून सुरू होतो, हाडे लवकर ठिसूळ होतात, असे भाचीने सांगितले. माझ्या थोरल्या जाऊबाईंची पिशवी सत्ताविसाव्या वर्षी काढली. आज त्यांना मोळी उचलवत नाही, रात्री अंगाची आग होते, घाम सुटतो. त्यांचे नेमके काय काय काढले ते त्यांना आजही माहीत नाही. त्यांच्याकडे एकच इंग्रजी कागद होता, तोही पावसात गेला.

आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या बायांच्या पिशव्यांवरून २०१९ साली सरकारने समिती नेमली होती. ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. तुमच्याकडे बोट दाखवायचे म्हणून हे लिहीत नाही. माझ्यासारखी बाई घाबरते ती कशामुळे, एवढेच कळावे. ऑपरेशन करायचे नाही असेही माझे म्हणणे नाही. खरेच गरज असेल तर मी करून घेईन. पण आधी अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवणार आहे. तिथे २० ऑगस्टला, बुधवारी जायचे ठरवले आहे.

त्यासाठी मला दोन तऱ्हेचे कागद हवेत. तिथल्या डॉक्टरांसाठी आहेत तसे मूळ कागद, इंग्रजीत असले तरी चालतील. आणि माझ्यासाठी मराठीत.

मूळ कागदांत पूर्ण केसपेपर, रोजच्या तपासणीच्या आणि औषधांच्या नोंदी, रक्ताचे सगळे रिपोर्ट, चढवलेल्या दोन्ही पिशव्यांची नोंद, क्युरेटिंगची नोंद आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट फोटोंसह द्यावा. सोनोग्राफीत ३.२ सेंटिमीटरची गाठ आहे असे तोंडी सांगितले, पण तो कागद आम्हाला मिळालेला नाही. २१ तारखेला रात्री अकराच्या सुमारास माझी सही घेतली त्या संमतीपत्राची प्रतही हवी. तेव्हा मला धड बसवत नव्हते आणि कागद इंग्रजीत होता. सही माझीच आहे, ती मी नाकारत नाही, पण कशाखाली केली ते मला वाचायचे आहे.

सगळ्यात महत्त्वाचा तुकड्याचा रिपोर्ट. क्युरेटिंगच्या वेळी काढलेला नमुना तपासायला छत्रपती संभाजीनगरला पाठवतो, आठ दिवसांत रिपोर्ट येईल, असे सांगून ८०० रुपये वेगळे घेतले. पावती माझ्याकडे आहे. आज तीन आठवडे झाले. कॅन्सरची भीती आहे की नाही हे त्याच रिपोर्टावरून कळणार ना? मग तो येण्याआधीच ऑपरेशन कसे ठरले, हे मला समजलेले नाही. रिपोर्ट आला असेल तर द्यावा. आला नसेल तर कोणत्या लॅबला, कोणत्या तारखेला पाठवला ते लिहून द्यावे. त्या नमुन्याच्या काचा आणि ब्लॉकही लागले तर परत मिळावेत.

मराठीतले डिस्चार्ज कार्ड फार मोठे नको. एक-दोन पाने पुरेत. आजाराचे आणि औषधांचे नाव इंग्रजीच असू द्या, फक्त देवनागरीत लिहा. काय आढळले, काय केले, ऑपरेशनात कोणकोणते अवयव काढायचे आणि का, अंडाशये ठेवता येतात का, आणि ऑपरेशन न करता गोळ्यांनी किंवा पिशवीत बसवायच्या औषधी साधनाने भागेल का, हे साध्या भाषेत लिहावे. खाली डॉक्टरांची सही आणि शिक्का असावा. शिक्का नसलेला कागद पुढे कोणी धरत नाही.

माझे पती ४ ऑगस्टला याच कामासाठी आले होते. खिडकीवर त्यांना सांगितले की कार्ड इंग्रजीतच असते, मराठीत द्यायची पद्धत नाही, आणि फाइल बाहेर देत नाहीत. पण तुमच्याच जिन्याजवळ रुग्णांच्या हक्कांचा बोर्ड लावला आहे. तो मराठीत आहे, आणि भरती असताना मी तो दोनदा वाचला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेतही आजाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळावी आणि दुसरा सल्ला घ्यायचा असेल तर लागणारे कागद द्यावेत, असे आहे. रुग्णाने मागितल्यावर कागद ७२ तासांत द्यावेत, हे डॉक्टरांच्या २००२ च्या नियमावलीत आहे.

आजपासून ७२ तास मोजले तर १५ ऑगस्ट येतो, आणि पुढे दहीहंडी व रविवार. म्हणून सोमवार, १८ ऑगस्टला दुपारपर्यंत कागद तयार ठेवावेत, ही विनंती. माझे पती बाळासाहेब सानप माझे आणि त्यांचे आधार कार्ड घेऊन येतील. कागद त्यांच्याकडे देण्यास माझी संमती आहे. झेरॉक्सचा खर्च पावतीवर भरू. मोबाइल नंबर केसपेपरवर आहे. दुपारी रेंज नसते, संध्याकाळी सातनंतर लागतो.

आणखी एक. 'बीएसओ' हे चुकून लिहिले गेले असेल तर तेही सांगावे, राग नाही. फक्त नुसते खोडून देऊ नये. दुरुस्ती करून तारीख आणि सही करावी.

या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी.

आपली विश्वासू,
सौ. मंगल बाळासाहेब सानप

सोबत : डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, ८०० रुपयांच्या पावतीची झेरॉक्स, आधार कार्डाची झेरॉक्स