देखरेख व मूल्यमापनासाठी ८ टक्के तरतुदीबाबत खुलासा

प्रति,
सीएसआर प्रमुख

स.न.वि.वि.

धडगाव तालुक्यातील बालपोषण प्रकल्पाच्या १ कोटी २० लाखांच्या अंदाजपत्रकात देखरेख व मूल्यमापनाला ९ लाख ६० हजार, म्हणजे ८ टक्के ठेवले आहेत. ते ३ टक्क्यांवर आणावेत, असे आपण सुचवले. हा आकडा आम्ही टक्क्यांवरून काढलेला नाही. आधी कामाचा खर्च मांडला, टक्के नंतर निघाले.

सगळ्यात मोठा प्रश्न पाहणीचा. ६ ते २३ महिन्यांच्या बाळांपैकी किती जणांना आदल्या दिवशी ८ पैकी किमान ५ अन्नगट मिळाले, हा आपला मुख्य निर्देशांक. हे प्रमाण २० टक्क्यांवरून ३० वर गेले, तर तो फरक योगायोगाचा नाही हे दाखवायला प्रत्येक फेरीत साधारण २९० नमुने लागतात. पण एका पाड्यातली घरे खाण्यापिण्यात सारखीच असतात. म्हणून दीडपट, शिवाय घरी न सापडणाऱ्या आया धरून ५००. दोन फेऱ्यांच्या १००० मुलाखती, प्रत्येकी ३८० रुपये: ३ लाख ८० हजार. म्हणजे ३ टक्क्यांत, ३ लाख ६० हजारांत, एवढी पाहणीसुद्धा बसत नाही.

३८० रुपये जास्त वाटतील. पावरी-भिली बोलणारा स्थानिक पाहणीदार दिवसाला पाचच मुलाखती करू शकतो, कारण पावसात जीप शेवटच्या पाड्यापर्यंत जात नाही. उन्हाळ्यात काम स्वस्त झाले असते, हे खरे. पण दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कामासाठी गुजरातेत जातात आणि पावसाळ्यातली रानभाजी उन्हाळ्यात ताटात नसते. एक फेरी श्रावणात आणि दुसरी वैशाखात केली, तर आपण प्रकल्प नव्हे, ऋतू मोजू. दोन्ही फेऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच हव्यात.

उरलेल्या रकमेत देखरेख अधिकाऱ्याचे अर्धवेळ मानधन (दरमहा ११,०००, ३६ महिने) ३ लाख ९६ हजार, त्याचा प्रवास ७२ हजार, बाहेरचा मूल्यमापक १ लाख आणि पाड्यांवर निष्कर्ष मांडायच्या बैठका १२ हजार. मधली पाहणी आम्ही आधीच वगळली आहे. मासिक नोंदींवर भागेल.

हा खर्च आपल्या ५ टक्क्यांच्या प्रशासकीय मर्यादेत मोजला जाईल, ही शंका आपल्या लेखा विभागाने काढली होती. २०२१ च्या सुधारित सीएसआर नियमांतील व्याख्येनुसार एखाद्या विशिष्ट प्रकल्पाच्या देखरेख-मूल्यमापनाचा थेट खर्च प्रशासकीय खर्चात धरला जात नाही.

कपात करायचीच असेल तर एकच जागा आहे. आपल्या कंपनीचे सरासरी सीएसआर दायित्व १० कोटी किंवा अधिक असल्यास, १ कोटीवरील या प्रकल्पाचे स्वतंत्र प्रभाव मूल्यांकन आपल्याला करावेच लागेल. तसे असल्यास आमचा मूल्यमापक वगळू. तरतूद ८ लाख ६० हजारांवर, सुमारे ७.२ टक्क्यांवर येईल. मात्र ते मूल्यांकन प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावरच होते, तेव्हा पहिली फेरी आम्हालाच आत्ता करावी लागेल. त्यासाठी मंजुरी जुलैअखेर मिळावी, ही विनंती.

कळावे,
प्रकल्प समन्वयक, धडगाव